टिचकी आणि तिचं उत्तर

उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घ्यायला गेलं की घरातलं जाणतं माणूस आधी माठावर बोटाने टिचकी मारून बघतं. खणखणीत वाजला तर माठ पक्का. बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो. टिचकी क्षणात संपते. त्यानंतर जे कानावर पडतं ते सगळं माठाचं असतं: त्याची जाडी, त्याचा आकार, त्याची भाजणी.

विजेच्या सर्किटलाही अशी टिचकी मारता येते. तिला इम्पल्स म्हणतात आणि सर्किटकडून जे उत्तर येतं त्याला इम्पल्स रिस्पॉन्स. माठाच्या परीक्षेत कान ‘चांगला की वाईट’ एवढंच सांगतो. सर्किटची परीक्षा पुष्कळ पुढे जाते. एका टिचकीचं उत्तर नीट नोंदवून ठेवलं की तेच सर्किट कुठल्याही इनपुटला काय उत्तर देईल हे कागदावर काढता येतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं, म्हणून इथे आकडे घालूनच दाखवतो.

सर्किट दोनच भागांचं घेऊ. एक १० किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे तपकिरी, काळ्या आणि नारिंगी पट्ट्यांचा. दुसरा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ज्याच्या अंगावर 104 छापलेलं असतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन्ही मिळून काही रुपयांत मिळतात. इनपुटचं व्होल्टेज रेझिस्टरमधून कपॅसिटरला द्यायचं, कपॅसिटरचं दुसरं टोक ग्राउंडला जोडायचं आणि कपॅसिटरवरचं व्होल्टेज हे आउटपुट म्हणून मोजायचं. झालं सर्किट.

आता टिचकी. सिग्नल जनरेटरवरून १० व्होल्ट द्यायचे, पण फक्त ०.१ मिलिसेकंद. त्यानंतर पुन्हा शून्य. कपॅसिटर आधी रिकामा होता, म्हणून सुरुवातीला सगळे १० व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि त्यातून १ मिलिअँपिअर करंट वाहतो. १ मिलिअँपिअर ०.१ मिलिसेकंद वाहिला की कपॅसिटरमध्ये ०.१ मायक्रोकूलंब चार्ज जमतो. ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये एवढा चार्ज म्हणजे बरोबर १ व्होल्ट. प्रत्यक्षात ऑसिलोस्कोपवर ०.९५ व्होल्ट दिसतील, कारण कपॅसिटर भरू लागला की तो समोरून येणाऱ्या करंटला थोडा अडवतो.

आता तोच हिशेब वेगळ्या आकाराच्या टिचक्यांनी करून बघा. १०० व्होल्ट, ०.०१ मिलिसेकंद: आउटपुट ०.९९५ व्होल्टपर्यंत चढतं. १ व्होल्ट, १ मिलिसेकंद: फक्त ०.६३ व्होल्ट. तिन्ही टिचक्यांत उंची गुणिले रुंदी सारखीच आहे. टिचकी जितकी अरुंद तितकं उत्तर १ व्होल्टच्या जवळ जातं आणि एका मर्यादेनंतर टिचकीचा आकार कसा होता याला काही अर्थच उरत नाही, फक्त तिचं क्षेत्रफळ उरतं. पुस्तकात इम्पल्स ‘अनंत उंच आणि शून्य रुंद’ असा लिहिलेला असतो आणि तिथेच विद्यार्थी बिचकतात. टेबलावर त्याचा अर्थ साधा आहे: सर्किटला स्वतःहून बदलायला जितका वेळ लागतो त्याच्या मानाने टिचकी खूप छोटी हवी.

तो वेळ किती? रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या किमतींचा गुणाकार, RC. आपल्या सर्किटमध्ये तो १ मिलिसेकंद येतो. टिचकी संपल्यावर कपॅसिटर त्याच रेझिस्टरमधून रिकामा होऊ लागतो. तो जितका भरलेला तितका करंट जास्त, आणि जसजसा रिकामा होतो तसतसा करंट कमी. म्हणून ओघ मंदावत जातो. दर मिलिसेकंदाला व्होल्टेज आधीच्या ०.३७ पटीवर येतं: ०.९५ वरून ०.३५, तिथून ०.१३, मग ०.०५. ही उतरती रेघ म्हणजेच आपल्या सर्किटचा इम्पल्स रिस्पॉन्स, आणि तो एका ओळीत मावतो:

h(t) = (1/RC) · e^(−t/RC)

इथे एक चूक हमखास होते. जनरेटरऐवजी बॅटरी आणि पुशबटण घेऊन प्रयोग केला, तर बटण सोडल्यावर आउटपुट उतरतच नाही, जवळजवळ जागच्या जागी थांबतं. सर्किट बिघडलेलं नसतं. बटण सोडलं की इनपुट शून्य होत नाही, ते तुटतं, आणि चार्जला परत जायला वाटच उरत नाही. टिचकीनंतर इनपुट ग्राउंडला जोडलेलं राहिलं पाहिजे. जनरेटर हे आपोआप करतो, बटण करत नाही.

आता टिचकीवरून बाकी सगळं कसं काढायचं ते बघू. त्यासाठी सर्किट रेषीय हवं. म्हणजे इनपुट दुप्पट केलं तर आउटपुट दुप्पट, आणि दोन इनपुट एकत्र दिली तर त्यांच्या वेगवेगळ्या उत्तरांची बेरीज. शिवाय आज मारलेल्या टिचकीला जे उत्तर तेच उद्याच्या टिचकीला मिळायला हवं. आपलं सर्किट या कसोट्यांना उतरतं. म्हणून दर मिलिसेकंदाला एक अशा टिचक्या देत राहिलो, तर नुसत्या बेरजेने भागतं. हिशेब सोपा राहावा म्हणून प्रत्येक टिचकी बरोबर १ व्होल्ट चढवते असं धरू. पहिलीनंतर १ व्होल्ट. मिलिसेकंदाने त्यातले ०.३७ उरतात, त्यावर दुसरी टिचकी: १.३७. त्यातले ०.५० उरतात, त्यावर तिसरी: १.५०. असं करत आउटपुट ०.५८ आणि १.५८ या दोन पातळ्यांमध्ये वरखाली होत स्थिरावतं आणि त्याची सरासरी बरोबर १ व्होल्ट येते. इनपुटचीही सरासरी काढून बघा: १० व्होल्ट, दर मिलिसेकंदातला एक दशांश वेळ, म्हणजे १ व्होल्टच. छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डांवर वेगाने चालूबंद होणाऱ्या पिनमधून सलग व्होल्टेज काढायला हेच दोन भाग लावतात. आउटपुट फार हलत असेल तर RC वाढवायचा किंवा टिचक्या जवळजवळ द्यायच्या.

इनपुट कसलंही असो, ते अशा बारीक बारीक उभ्या कापांचं बनलेलं आहे असं समजता येतं. प्रत्येक काप ही एक टिचकी, तिच्या मागे तिची उतरती शेपटी, आणि या क्षणीचं आउटपुट म्हणजे आजवरच्या सगळ्या शेपट्यांचं जे उरलंसुरलं असेल त्याची बेरीज. या बेरजेला कॉन्व्होल्यूशन म्हणतात. नाव जड आहे, पण वरच्या परिच्छेदात आपण तेच केलं.

ही बेरीज दर वेळी करत बसणं मात्र जिकिरीचं. इथे साइन लहरी उपयोगी पडतात. रेषीय सर्किटला साइन लहर दिली की स्थिरावल्यावर बाहेर त्याच फ्रीक्वेन्सीची साइन लहर येते. फक्त तिची उंची बदलते आणि ती थोडी मागे पडते. चौकोनी लहर आत घातली तर बाहेर येताना तिच्या कडा गोल होतात, पण साइन लहर आपला आकार सोडत नाही. त्यामुळे प्रत्येक फ्रीक्वेन्सीला ‘किती पट’ आणि ‘किती मागे’ एवढं लिहून ठेवलं की पुरतं. बेरजेच्या जागी गुणाकार येतो. त्या नोंदीचं नाव ट्रान्सफर फंक्शन. ती नव्याने मोजायचीही गरज नाही. इम्पल्स रिस्पॉन्सला e^(−st) ने गुणून शून्यापासून पुढच्या सगळ्या काळावर बेरीज केली, म्हणजे लाप्लास रूपांतर केलं, की हाती येतं:

H(s) = 1 / (1 + sRC)

यात s च्या जागी फ्रीक्वेन्सी घालायची, ती jω या रूपात. ω म्हणजे 2π गुणिले हर्ट्झ. आपल्या सर्किटसाठी ५० हर्ट्झला उत्तर ०.९५ पट, म्हणजे घरातल्या विजेच्या फ्रीक्वेन्सीची लहर जवळजवळ जशीच्या तशी पार होते. १,५९० हर्ट्झला ०.१ पट, म्हणजे नऊ दशांश उंची गळाली. मधला खास आकडा १५९ हर्ट्झ. तिथे कपॅसिटरचा विरोधही बरोबर १० किलोओहम होतो, रेझिस्टरइतकाच. मग आउटपुट निम्मं यायला हवं असं वाटतं, पण मोजलं तर ०.७१ पट भरतं. कारण रेझिस्टरवरचं आणि कपॅसिटरवरचं व्होल्टेज एकाच वेळी शिखरावर पोहोचत नाही, त्यांच्यात पाव फेरीचं अंतर असतं. ती काटकोनातल्या दोन बाजूंसारखी मिळवावी लागतात. दोन बाजू सारख्या असल्या की कर्ण बाजूच्या १.४१ पट, आणि उलट बघितलं तर बाजू कर्णाच्या ०.७१ पट. शाळेतला पायथागोरस इथे भेटतो, आणि लहर ४५ अंश मागे पडते तीही त्याच त्रिकोणामुळे.

या सगळ्या आकड्यांवर एक सावट असतं. रेझिस्टरमध्ये ५ टक्के आणि कपॅसिटरमध्ये १० ते २० टक्क्यांचा फरक सहज असू शकतो, म्हणून १५९ ऐवजी १४० किंवा १८० हर्ट्झ आले तर दचकू नये. काही सिरॅमिक कपॅसिटरांची क्षमता तर त्यांच्यावर व्होल्टेज वाढलं की कमी होते. मग सर्किट रेषीयच राहत नाही. ते ओळखायचं असेल तर उतरत्या रेघेतले आकडे लॉगरिदमच्या कागदावर मांडावेत. सरळ रेघ आली तर ठीक, वाकली तर इनपुट निम्मं करून पुन्हा बघावं.

पण प्रत्यक्षात जास्त फसवते ती दुसरी गोष्ट. आउटपुटला पुढचं काहीतरी जोडलं आणि ते १० किलोओहमचं असलं, तर कपॅसिटरला रिकामं व्हायला दोन वाटा मिळतात. टिचकीनंतरची उडी फारशी बदलत नाही, ०.९५ च्या जागी ०.९१ व्होल्ट. उतार मात्र दुप्पट वेगाने होतो, १ ऐवजी ०.५ मिलिसेकंदाच्या हिशेबाने. शेपटी निम्मी झाली की तिच्याखालचं क्षेत्रफळही निम्मं होतं. ट्रान्सफर फंक्शनच्या भाषेत सांगायचं तर स्थिर व्होल्टेज आता अर्धंच पार होतं आणि १५९ हर्ट्झचा खास आकडा ३१८ वर सरकतो. खूप वरच्या फ्रीक्वेन्सींना मात्र जवळजवळ काही फरक पडत नाही, कारण त्यांचं भवितव्य पहिल्या उडीत ठरतं आणि उडी तशीच आहे. मधे व्होल्टेज फॉलोअर म्हणून एक ऑप-अँप बसवला की कपॅसिटरची दुसरी वाट बंद होते आणि ऑसिलोस्कोपवर पुन्हा तीच जुनी रेघ दिसते: ०.९५, ०.३५, ०.१३, ०.०५.