आपला नंबर सहावा

तिसरीचा मराठीचा तास. बाईंनी धडा काढायला सांगितला आणि पहिल्या बाकापासून प्रकट वाचन सुरू झालं. एकेकाने उभं राहायचं, एक परिच्छेद वाचायचा, खाली बसायचं. तिसऱ्या बाकावरची मुलगी पुस्तकात डोकं खुपसून बसली आहे. बाईंना वाटतं, ती धडा ऐकते आहे. ती मोजते आहे. आपल्यापुढे पाच जण, म्हणजे आपला परिच्छेद सहावा. त्यात एक अवघड जोडाक्षर आहे, त्याच्यावर बोट ठेवून ती मनातल्या मनात तोच शब्द घोळवते आहे. तेवढ्यात चौथ्या मुलाला बाई दोन परिच्छेद वाचायला लावतात आणि सगळा हिशेब बिघडतो. नंबर येतो. मुलगी उभी राहते, ओठ हलतात, आवाज फुटत नाही.

‘‘वाच की गं, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?’’ बाई म्हणतात. वर्ग खिदळतो.

ही मुलगी म्हणजे एक नमुना, पण असा प्रसंग आठवला नाही असा वाचक विरळाच असेल. बाई दुष्ट नसतात. पस्तीस मिनिटांत सगळ्या वर्गाचं वाचन घ्यायचं, तर ओळीने नंबर लावण्याइतका सोपा मार्ग दुसरा नाही. गोची अशी, की भीती नेमकी त्या ओळीतच तयार होते.

माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने 1973 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना त्याने पाळीपाळीने शब्द मोठ्याने वाचायला लावले आणि नंतर कोणते शब्द आठवतात ते विचारलं. आपली पाळी येण्याच्या जरा आधी इतरांनी वाचलेले शब्दच लोकांना सर्वांत कमी आठवत होते. ही प्रौढ माणसं होती आणि वाचायचे होते सुटे शब्द. तिसरीच्या मुलाला तर अख्खा परिच्छेद वाचायचा असतो, तोही हसणाऱ्या वर्गासमोर. म्हणजे ज्या तासाला मुलं एकमेकांचं वाचन ऐकून शिकतील असं आपण धरून चालतो, त्या तासाचा बराच भाग त्यांच्या कानांवरून निघून जातो.

नंबर आल्यावर जे होतं ते हट्टापायी नसतं. शरीराला धोक्याची सूचना मिळालेली असते. काळीज धडधडतं, तोंडाला कोरड पडते, श्वास उथळ होतो आणि गळ्याचे स्नायू आवळले जातात, त्यामुळे आवाज चिरका येतो किंवा येतच नाही. वाचताना अक्षरं जुळवणं, आधीचा शब्द लक्षात ठेवणं आणि अर्थ लावणं ही कामं मनाला एकाच वेळी करावी लागतात. त्यातली बरीचशी जागा ‘आता सगळे हसतील’ या विचाराने अडवली, की पाठ असलेला शब्दही सापडत नाही.

मात्र गप्प राहणारं प्रत्येक मूल भीतीमुळेच गप्प राहतं असं नाही, आणि उपाय करण्याआधी हे तपासावं लागतं. तपासणी साधी आहे. मधल्या सुट्टीत मुलीला एकटीला टेबलाजवळ बोलवायचं आणि न वाचलेला उतारा हळू आवाजात वाचून घ्यायचा. ‘असर’च्या पाहणीत मुलांचं वाचन असंच एकेकट्याने घेतात. एकटी असताना ती नीट वाचत असेल तर अडचण भीतीची. इथेही ती अक्षराअक्षरावर अडखळत असेल तर मुळात वाचनच कच्चं आहे. धीर देऊन भागणार नाही, शिकवावं लागेल. फळ्यावरचं वाचताना डोळे बारीक करत असेल तर आधी नजर तपासून घ्यावी. आणि घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत महिनाभराहून अधिक काळ कुणाशीच बोलत नसेल, अगदी पाणी प्यायला जाऊ का हेही विचारत नसेल, तर ती निवडक मौनाची अवस्था असू शकते. शाळेचा पहिला, नवखेपणाचा महिना त्यात धरायचा नाही. तिथे समुपदेशकाची मदत हवी.

चौथं कारण आपल्याकडे सहज नजरेआड होतं, ते म्हणजे घरची बोली. घरी अहिराणी, पावरी किंवा गोरमाटी बोलणारं मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणालं, ‘शाळा’चं ‘साळा’ झालं, की वर्गात हशा पिकतो. असा हशा दोनदा ऐकलेलं मूल तिसऱ्यांदा तोंड कशाला उघडेल? वाचन चालू असताना उच्चार दुरुस्त करू नये. अर्थ लागतो आहे ना, ते आधी पाहावं.

आता आपल्या मुलीकडे वळू. टेबलाजवळ तिने बरं वाचलं, म्हणजे अडचण भीतीची. बाई पहिल्यांदा बाकांची ओळ मोडतात. मग सगळा वर्ग एकसुरात परिच्छेद वाचतो. त्या कोरसमध्ये तिचा आवाज वेगळा ओळखू येत नाही, पण तोंडातून शब्द बाहेर पडतात. (तोतरं बोलणारी बहुतेक मुलंही सगळ्यांबरोबर वाचताना अडखळत नाहीत.) आठवडाभराने जोडीवाचन: शेजारच्या मैत्रिणीला एक परिच्छेद वाचून दाखवायचा, एक तिचा ऐकायचा. वर्गभर एकच गलका असतो, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. त्यानंतर चौघींचा गट. शेवटी वर्गासमोर फक्त दोन ओळी, आणि त्या कोणत्या हे बाईंनी आदल्या दिवशीच सांगितलेलं. घरी चार-पाचदा वाचून आलेल्या ओळी वाचणं ही लबाडी नव्हे. तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचल्याने वाचनाचा ओघ वाढतो.

एखादी पायरी झेपली नाही तर एक पायरी मागे यायचं. वाचन संपलं की तिने पटकन पुस्तक मिटलं, खांदे आवळलेलेच राहिले, तर पुढे जायची घाई झाली असं समजावं.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे दयेपोटी तिला कायमचं वगळणं. नंबर टळला की मुलीला सुटल्यासारखं वाटतं आणि त्या सुटकेनेच भीती आणखी घट्ट होते. पायरी लहान करावी, काढून टाकू नये. दुसरी चूक मोठ्या मनाची माणसं करतात: ‘‘आज ही बोलली, वाजवा टाळ्या!’’ ज्या मुलीला सगळ्यांच्या नजरा नको होत्या, तिच्यावर पुन्हा सगळ्या नजरा खिळतात. नुसती मान हलवून पुढे जावं, वाटल्यास नंतर वहीत एक ओळ लिहावी. परिपाठात सुविचार सांगायला ‘धीट व्हावी म्हणून’ थेट तिलाच उभं करणंही याच जातीचं.

प्रश्नोत्तरांचा तोडगा याहून स्वस्त आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांमधल्या कितीतरी ध्वनिफिती ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात, असं तिला आढळलं. हा थांबा तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरं लांबली, उत्तरच न येण्याचे प्रसंग कमी झाले आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. मूल बोलायचं थांबल्यावरही तेवढंच थांबायला ती सांगत असे, कारण पुष्कळदा खरं उत्तर दुसऱ्या वाक्यात येतं. फ्रँक लायमन यांनी 1981 मध्ये मांडलेली पद्धतही याच वाटेची: आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, नंतर वर्गाला सांगणं. मूल उभं राहतं तेव्हा त्याचं उत्तर एकदा बोलून झालेलं असतं.

तीन सेकंदांची शांतता शिक्षकाला सुरुवातीला जड जाते. मनातल्या मनात ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हटलं की तेवढा वेळ होतो. एका तासिकेत वीस प्रश्न विचारले आणि प्रत्येकामागे दोन सेकंद जास्त थांबलं, तर पस्तीस मिनिटांतली चाळीस सेकंद खर्च होतात.