विश्वाहून थोरले तारे?

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की रात्री आठच्या सुमारास जुहूच्या किनाऱ्यावरून वायव्येला, समुद्राच्या वर, ठळक अभिजित तारा दिसतो. त्याच्या खाली शौरी तारकासमूहात एम-९२ नावाचा गोलाकार तारकागुच्छ आहे. शहराच्या झगमगाटात तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. हवा स्वच्छ असेल तर द्विनेत्रीतून कापसाच्या बोळ्यासारखा अंधूक ठिपका जाणवतो. सुमारे २७ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या या ठिपक्यात लाखो तारे आहेत. त्यांचे वय मोजले की एक गोष्ट पक्की होते : विश्व त्यांच्याहून लहान असू शकत नाही.

हे तारे म्हणजे आकाशगंगेच्या बालपणीचे जीवाश्म. लोखंडासारखी जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत तयार होतात. म्हणून नंतरच्या पिढ्यांच्या ताऱ्यांत ती जास्त सापडतात. एम-९२ मधल्या ताऱ्यांत लोखंडाचे प्रमाण सूर्याच्या सुमारे दोनशेवा हिस्सा आहे. म्हणजे जड मूलद्रव्ये फारशी तयार झालेलीच नव्हती, तेव्हा ते जन्मले.

पण वर्षे कशी मोजायची? गुच्छातले तारे साधारण एकाच वेळी जन्मलेले असतात, पण सारखे जगत नाहीत. जड ताऱ्याकडे इंधन जास्त असते, पण तो ते कितीतरी वेगाने उधळतो. सूर्याचे हायड्रोजन सुमारे १० अब्ज वर्षे पुरते. दुप्पट वस्तुमानाच्या ताऱ्याचे जेमतेम एक अब्ज वर्षे. गाभ्यातले हायड्रोजन संपले की तारा फुगू लागतो आणि लालसर होतो. गुच्छातल्या ताऱ्यांची तेजस्विता आणि रंग यांचा आलेख काढला, तर जिथे ही रांग वळते तिथले तारे नुकतेच इंधनाच्या टोकाला आलेले असतात. एम-९२ मध्ये हे वळण सूर्याच्या सुमारे ०.८ पट वस्तुमानाच्या ताऱ्यांपाशी येते. जड मूलद्रव्ये कमी असलेला असा तारा त्या टोकाला पोहोचायला १३ अब्ज वर्षांच्या आसपास लागतात.

खरी अडचण अंतराची. गुच्छ वाटतो त्यापेक्षा दूर असेल, तर तारे मुळात अधिक तेजस्वी ठरतात. अधिक तेजस्वी म्हणजे अधिक जड आणि म्हणून वयाने लहान. अंतरात पाच टक्क्यांची चूक झाली, तरी वय दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अब्जाहून अधिक वर्षांनी बदलते.

१९९०च्या दशकात याच मोजमापाने मोठा पेच उभा केला. हबल दुर्बिणीच्या मोजणीतून १९९४ साली विश्वप्रसरणाचा दर सुमारे ८० (किलोमीटर प्रतिसेकंद, दर मेगापार्सेकला) निघाला. केवळ द्रव्य असलेल्या सपाट विश्वाच्या सोप्या मॉडेलात तो घातला, की विश्वाचे वय जेमतेम आठ अब्ज वर्षे येते. गुच्छांचे वय मात्र १४-१५ अब्जांच्या घरात सांगितले जात होते. लेक आईहून थोरली ठरत होती! पुण्याच्या आयुकात जसजीत बगला, थानू पद्मनाभन आणि जयंत नारळीकर यांनी या विषयावर लिहिलेल्या निबंधाचे शीर्षकच ‘विश्वशास्त्रातील पेच’ अशा अर्थाचे होते. गुच्छांची वये इतर निरीक्षणांच्या शेजारी मांडली, तर ते सोपे मॉडेल टिकत नाही, हे त्यातून दिसत होते. नारळीकरांना महास्फोटाचीच कल्पना मान्य नव्हती. फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर १९९३ साली त्यांनी मांडलेल्या पर्यायी सिद्धांतात विश्वाला आरंभच नाही. त्यामुळे तारे कितीही म्हातारे असले, तरी तिथे अडत नव्हते.

पेच दोन्ही बाजूंनी सैल झाला. हिपार्कोस उपग्रहाने जवळच्या, जड मूलद्रव्ये कमी असलेल्या ताऱ्यांची अंतरे अचूक मोजली. १९९७ साली ही माहिती हाती आल्यावर गुच्छ पूर्वी वाटले त्याहून दूर निघाले आणि त्यांची वये १२ अब्ज वर्षांच्या आसपास उतरली. १९९८ साली दूरच्या स्फोटक ताऱ्यांवरून प्रसरण वेगावत असल्याचे कळले. म्हणजे पूर्वी ते आजच्या मानाने संथ होते, तेव्हा आजचा आकार गाठायला जास्त काळ लागला. विश्वाचे वय वाढले. आज ते सुमारे १३.८ अब्ज वर्षे मानतात.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एम-९२ चे वयही १३.८ अब्ज वर्षेच आले; त्यातली अनिश्चितता ७५ कोटी वर्षांची. अनिश्चिततेच्या खालच्या टोकाला ते सुमारे १३ अब्ज ठरते, आणि गुच्छ जन्मण्याआधीचा काळ त्यात अजून मिळवायचा असतो. जवळच्या दीर्घिकांवरून मोजलेला प्रसरणाचा दर ७३ येतो. आजच्याच मॉडेलात तो घातला, तर विश्वाचे वय १३ अब्जांच्याही किंचित खाली जाते. प्राचीन प्रारणावरून मिळणारा दर ६७ च्या आसपास आहे. तो घेतला तर वय १३.८ अब्ज येते. गुच्छाचा कल दुसऱ्या आकड्याकडे दिसतो, पण ७५ कोटींची अनिश्चितता असताना त्यावरून निकाल देता येत नाही. ती कमी करायची, तर आधी गुच्छाचे अंतर अधिक अचूक मोजावे लागेल.