स्प्रे मारला, आता थांबायचं किती?

पांढऱ्या सुती कुर्त्यावर मिसळीचा रस्सा सांडला की घरातला कोणीतरी डाग काढायचा स्प्रे आणतो, भसाभसा मारतो आणि कपडा बादलीत टाकून देतो. दुसऱ्या दिवशी धुतल्यावर तवंगाचा डाग गेलेला असतो, पण त्याच्याभोवती एक फिकट कडं उमटलेलं दिसतं. स्प्रे वाईट निघाला असं आपण म्हणतो. खरं तर तो कपड्यावरच वाळला होता.

या स्प्रेंमध्ये साधारण दोन गोष्टी असतात. एक, साबणासारखं द्रव्य, जे तेलाला धाग्यापासून सोडवून पाण्यात येऊ देतं. दुसरी, बऱ्याच स्प्रेंमध्ये असणारी एन्झाइम्स. ती दूध, अंडं, रक्त, डाळ, पिठूळ रस्सा यांचे लांबलचक रेणू तोडतात. हे तोडण्याचं काम पाण्यातच होतं. कपडा वाळला की एन्झाइम थांबतं आणि विरघळलेली घाण ओलाव्याबरोबर कडेला सरकून तिथे बसते. ते कडं याचंच. म्हणून घड्याळाइतकंच लक्ष ओलीवर हवं. मे महिन्यात पंख्याखाली पातळ मलमल दहा मिनिटांत सुकते, जाड चादर अर्धा तास ओली राहते.

एन्झाइमवाल्या स्प्रेला सुती कपड्यावर दहा-पंधरा मिनिटं पुरतात. डाग जुना असेल तर अर्धा तास ठेवावा, मधे वाळू लागला तर पाण्याचा हबका मारावा. हायड्रोजन पेरॉक्साइडवाले स्प्रे, म्हणजे ज्यांच्या बाटलीवर ‘ऑक्सिजन’ ठळक छापलेलं असतं, ते मात्र पाच-दहा मिनिटांतच धुवावेत. ते रंग उडवून डाग घालवतात आणि जास्त वेळ राहिले तर कपड्याचा स्वतःचा रंगही उडवू शकतात. लोखंडी हुक किंवा गंजकी चेन जवळ असेल तर आणखी जपावं, कारण लोहाच्या सान्निध्यात पेरॉक्साइड सुती धागाच कमकुवत करतं.

स्टिकचा स्वभाव वेगळा. ती घट्ट असते, डागावर घासली की थर बसतो आणि तो चटकन सुकत नाही. शर्टाच्या कॉलरवरचा घामट, तेलकट पट्टा हे तिचं खरं काम. रात्री घासून ठेवली आणि सकाळी धुतलं तरी सुती कपड्याला सहसा काही होत नाही. काही स्टिकवर तर आठवडाभर ठेवली तरी चालेल असं लिहिलेलं असतं. पण ही मुभा त्या-त्या स्टिकपुरतीच. वेष्टनावर लिहिलेला वेळ शेवटचा मानावा, कारण सगळ्या स्टिकमध्ये एकच मसाला नसतो.

आता त्या मिसळीकडे येऊ. आधी चमच्याच्या कडेने रस्सा उचलायचा. पुसला तर तेल पसरतं. डागाखाली जुनं फडकं घालून कपडा उलटा करायचा आणि स्प्रे आतल्या बाजूने मारायचा, म्हणजे तेल आलं त्याच वाटेने फडक्यात उतरतं. मऊ ब्रशने हलकेच थोपटून पंधरा मिनिटं ठेवायचं, मग कोमट पाण्यात धुवायचं.

इथे पुष्कळजण घाबरतात: साबण लागताच पिवळा डाग लालभडक होतो. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल दिसतं, इतकंच. साबण निघून गेला की ते परत पिवळं होतं. हा पिवळेपणा स्प्रेने पूर्ण जात नाही, कितीही वेळ ठेवला तरी. कर्क्युमिन हा रंग आहे. डाळ-पिठावर चालणारी एन्झाइम्स त्याला काही करत नाहीत. त्याला ऊन लागतं. तेल गेल्यावर कपडा ओलाच उन्हात वाळत घातला की एकदोन दिवसांत पिवळेपणा फिका होत जातो. आजी हेच करायची, स्प्रेशिवाय.

डाग गेला की नाही हे ओल्या कपड्यावर बघू नये. ओला कपडा सगळीकडेच गडद दिसतो, तेलाचा डाग त्यात लपतो. दोरीवर वाळू द्यावा, मग उजेडात धरावा. तेलकट छटा दिसली तर पुन्हा स्प्रे मारावा आणि तोवर इस्त्रीवाल्याकडे द्यायचा नाही. उष्णतेने उरलेला डाग घट्ट बसतो आणि मग पंधरा मिनिटांचं काम पंधरा धुण्यांतही होत नाही.

रंगीत सुती कपड्याची गोष्ट निराळी. दाबू, अजरख किंवा गडद नीळ असलेल्या कपड्यावर थेट डागावर हात घालू नये. आतल्या शिलाईच्या कडेला थेंबभर लावायचं, पाच मिनिटांनी पांढऱ्या फडक्याने दाबायचं. फडक्यावर रंग आला तर स्प्रे तिथेच ठेवायचा आणि साध्या पाण्यात सौम्य साबणाने भागवायचं. आणि लोखंडाच्या गंजाचा डाग असेल तर स्प्रे, स्टिक दोन्ही बाजूलाच ठेवावेत. त्यावर क्लोरीनचं ब्लीचही घालू नये, त्याने तो उलट पक्का होतो. लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवणं हाच तिथे बरा मार्ग, तोही रंगीत कपडा सोडून.