फायनलआधी टीमसाठी 30 सेकंदांचा व्हिडिओ: काय बोलायचं आणि काय गाळायचं



आपल्या मीरा-भाईंदरमध्ये दुकान किंवा गाळा चालवत असाल, तर हा फोन तुम्हाला कधी ना कधी येणारच. "शेठ, जर्सी तुम्ही दिलीत, आता पोरं फायनलला पोचलीत. ग्रुपवर टाकायला दोन शब्द बोलून पाठवा ना. तीसेक सेकंद पुरेत." आपण पटकन हो म्हणतो. मग मोबाईल समोर धरला की कळतं, तीस सेकंद बोलणं हे दहा मिनिटं बोलण्यापेक्षा अवघड काम आहे.

आमच्या बॅचमधल्या एका भाऊंवर हीच वेळ आली. भाईंदर पूर्वेला त्यांचा स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा गाळा आहे. त्यांच्याकडे काम करणारी दोन पोरं मंडळाच्या कबड्डी टीममध्ये खेळतात. आदल्या वर्षी हीच टीम फायनलमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत हरली होती. त्यामुळे भाऊंना मनापासून काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी पहिला व्हिडिओ केला आणि पाठवायच्या आधी मला दाखवला. त्यात ते साधारण असं बोलले होते:

"नमस्कार, मी अमुक स्टीलचा मालक. सर्वप्रथम मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सर्व पदाधिकाऱ्यांचे आभार. आज फायनल आहे, संपूर्ण मीरा-भाईंदरचं लक्ष तुमच्याकडे आहे. मागच्या वर्षीसारखं शेवटी घाबरू नका. टेन्शन घेऊ नका. चढाई चांगली करा, पकड चांगली करा, बोनस घ्या, आउट होऊ नका. ट्रॉफी आणलीत तर माझ्यातर्फे पाच हजार. आपल्याला जिंकायचंच आहे!"

घड्याळ लावलं तर बावन्न सेकंद. पण खरी अडचण वेळेची नव्हती. खेळाडूच्या कानाने ऐका. पहिले पंधरा सेकंद पदाधिकाऱ्यांचे. मग सगळं शहर बघतंय हे ओझं. मग मागच्या वर्षीचा पराभव. "घाबरू नका" म्हटल्यावर जो घाबरला नव्हता त्यालाही भीतीची आठवण होते. नंतर एकदम चार सूचना, आणि त्यांतली एकही नेमकी नाही. पाच हजारांचं बोलणं तर त्या क्षणी मन खेळावरून निकालावर नेतं. आणि निकाल कुणाच्याच हातात नसतो, हातात असते ती फक्त पुढची चढाई.

एक चढाई, एक दम

कबड्डीत एका चढाईला 30 सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात चढाईपटू एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणत जातो, एक काम करतो आणि परत येतो. आंतरराष्ट्रीय नियमांत टाइम आउटही 30 सेकंदांचाच आहे, म्हणजे प्रशिक्षकाला सामन्यात बोलायला मिळतात तेही तेवढेच. चांगला प्रशिक्षक त्या वेळात भाषण करत नाही. तो एकच गोष्ट सांगतो. तुमचा व्हिडिओही तसाच हवा: एका दमात जायचं, एक गोष्ट द्यायची, परत यायचं.

फायनल किती थोडक्यात फिरते ते बघा. 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये पुणेरी पलटणने प्रो कबड्डीची फायनल हरियाणा स्टीलर्सविरुद्ध 28-25 अशी जिंकली. चाळीस मिनिटांच्या खेळानंतर फरक फक्त तीन गुणांचा. म्हणजे दोन-तीन पकडी इकडच्या तिकडे झाल्या असत्या, तर ट्रॉफी दुसरीकडे गेली असती. म्हणून "जिंका" हे सांगून उपयोग नाही. त्या दोन-तीन पकडींच्या वेळी पोरांना काय आठवावं, ते सांगायचं.

आता जोश द्यायचा की सूचना द्यायची? व्हार्गस-टॉन्सिंग आणि ग्वान या संशोधकांनी फुटबॉल खेळाडूंना विचारून 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सामन्याआधी कसं बोललेलं आवडतं, हा प्रश्न होता. अजिंक्यपदाचा सामना असेल किंवा समोरची टीम वरचढ असेल, तर खेळाडूंना भावनेचं बोलणं हवं होतं. समोरची टीम अनोळखी असेल, तर माहितीचं. आपली तर फायनल आहे, म्हणजे भावना हवीच. पण भावना म्हणजे आरडाओरडा नव्हे. या टीमने स्वतः केलेली एखादी गोष्ट तिला आठवून दिली, की भावना आपोआप येते.

लिहिण्याआधी एक फोन करा

भाऊंना मी सांगितलं, आधी प्रशिक्षकांना फोन लावा आणि एकच प्रश्न विचारा: "आज पोरांच्या डोक्यात कुठली एक गोष्ट राहायला हवी?" हा फोन टाळू नका. आपण जर्सी दिली म्हणून डावपेच सांगायचा हक्क मिळत नाही. प्रशिक्षक सांगतात थांबून खेळा, आणि व्हिडिओत शेठ सांगतात आक्रमक खेळा, असं झालं तर पोरांचा गोंधळ होतो. आपण नवीन काही सांगायचं नाही. सरावात शंभर वेळा ऐकलेलंच आपल्या तोंडून पुन्हा सांगायचं.

प्रशिक्षक म्हणाले, "आमचा कोपरा पाय धरतो, पण दमल्यावर बाकीचे पोचायला उशीर करतात. सेमीफायनलच्या शेवटच्या पकडीत सगळे वेळेवर पोचले, म्हणून जिंकलो." झालं! भाऊंना लागणारं सगळं या दोन वाक्यांत होतं. एक काम मिळालं आणि त्याचा पुरावाही मिळाला.

शब्द किती?

कॅमेऱ्यासमोर मराठीत स्पष्ट, न धावता बोललं, तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. मग तीस सेकंदांचे साठ शब्द. पण मध्ये श्वास घ्यायला आणि थांबायला पाच-सहा सेकंद ठेवावे लागतात, म्हणून पन्नास शब्दांवर थांबा. तुमचा वेग वेगळा असू शकतो. पन्नास शब्द मोठ्याने वाचा, स्टॉपवॉच लावा, कळेल.

दुसरी गोष्ट मराठीची. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं. वाक्य लांबलं की काय करायचं ते कळायला शेवटपर्यंत थांबावं लागतं, आणि ढोल-ताशाच्या आवाजात नेमका तो शेवटच हरवतो. म्हणून छोटी वाक्यं लिहा आणि कागदावर एका श्वासाची एक ओळ ठेवा. भाऊंचा दुसरा मसुदा असा झाला:

"पोरांनो, सेमीफायनलची शेवटची पकड आठवा.

कोपऱ्याने पाय धरला, आणि लगेच साखळी त्याच्यावर पडली.

एकटं कुणी नव्हतं.

आजही तेवढंच करायचंय.

एकाने धरला, की बाकीच्यांनी पोचायचं. कुठेही असलात तरी पोचायचं.

पुढे असा, मागे असा, खेळ तोच.

एक चढाई झाली, की ती संपली. पुढची बघा.

मी डाव्या बाजूला, बाकड्यांजवळ उभा असेन.

चला, मैदानात!"

मोजून पन्नास शब्द, थांबे धरून अठ्ठावीस सेकंद. आता यात काय काय आहे ते बघा. पहिल्या ओळीत नमस्कार नाही, थेट एक चित्र आहे. "आठवा" म्हणून दोन सेकंद थांबायचं, म्हणजे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर ती पकड येते. इथे पराभव नाही, त्यांनीच केलेलं चांगलं काम आहे. मग एकच सूचना दोनदा. "नका" कुठेही नाही, कारण काय करायचं ते सांगितलं की काय करायचं नाही ते वेगळं सांगावं लागत नाही. "पुढे असा, मागे असा" हे वाक्य मुद्दाम घातलंय. व्हिडिओ सकाळी रेकॉर्ड होतो, सामन्यात काय होईल ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून मध्यंतराला दहा गुणांनी मागे असतानाही खरं राहील असंच बोलायचं.

आणि बाकड्यांजवळची ओळ? ती भाऊंनी स्वतः घातली. पाच हजारांच्या जागी त्यांनी स्वतःची उपस्थिती दिली. बक्षीस द्यायचं असेल तर सामन्यानंतर द्या, हरले तरी द्या. पण ही ओळ बोललात, तर खरंच तिथे उभं राहावं लागेल. जमणार नसेल तर ओळ काढून टाका. पोरं बाकड्यांकडे बघतातच.

रेकॉर्ड करताना

गाळ्यातलं पॉलिशचं मशीन बंद करा, पंखाही बंद करा. मोबाईल उभा, डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर ठेवा. जास्त लांब ठेवला तर आवाज पोकळ येतो. बघायचं ते लेन्सकडे. स्क्रीनवर स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलंत, तर नजर खाली गेलेली दिसते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हे माझ्याशी बोलतच नाहीत. कागद वाचू नका. पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणा, मग कागद बाजूला ठेवून बोला. एखादा शब्द बदलला तरी चालेल. फक्त ती सूचना बदलू देऊ नका.

रेकॉर्ड झाल्यावर दोन परीक्षा घ्या. व्हिडिओ मोबाईलच्या स्पीकरवर लावून रस्त्यावर उभं राहून ऐका. रिक्षांच्या आवाजात सूचना ऐकू आली नाही, तर मैदानाजवळही येणार नाही. मग गाळ्यातल्या एखाद्याला एकदाच दाखवा आणि विचारा, "मी काय करायला सांगितलं?" भाऊंच्या पहिल्या व्हिडिओवर उत्तर आलं होतं, "पाच हजार देणार म्हणालात." दुसऱ्यावर आलं, "एकाने धरला की सगळ्यांनी पोचायचं." दोन व्हिडिओंतला फरक एवढाच, पण तोच महत्त्वाचा.

पाठवायचा कधी? सामन्याच्या दोन-तीन तास आधी, पोरं घरी किंवा कामावर असताना. मैदानावर वॉर्म-अप सुरू झाला की ती वेळ प्रशिक्षकांची आणि कर्णधाराची. तेव्हा आपण गप्प.

आता शेवटचा प्रश्न, जो प्रत्येक बॅचमध्ये येतोच: "सर, मग दुकानाचं नाव कुठे घ्यायचं?" व्हिडिओत कुठेच नाही. नाव जर्सीच्या पाठीवर आहे, ते चाळीस मिनिटं सगळ्यांना दिसणार आहे. या तीस सेकंदांत जाहिरात घुसवलीत, तर पोरांना कळतं की बोलणं त्यांच्यासाठी नव्हतं. मग पुढचं सगळं वाया जातं, तुमचं आणि त्यांचंही.

आणि हो, या व्हिडिओने सामना जिंकता येत नाही. सरावात जी साखळी बसलेली नाही, ती तुमच्या बोलण्याने बसणार नाही. पण बसलेली असेल, आणि शेवटच्या पाच मिनिटांत दम तुटत असताना एखाद्या पोराच्या कानात "पोचायचं" एवढा एक शब्द वाजला, तर तुमच्या तीस सेकंदांचं काम झालं.

तुमच्या टीमची फायनल कधी आहे? आज पन्नास शब्द लिहा, घड्याळ लावून वाचा, आणि तुमचा मसुदा व्हिडिओखाली नक्की टाका. भेटूया पुढच्या भागात!