केटल उलटी करून फोटो काढा

मावसबहिणीने साताऱ्याहून फोटो पाठवला. ओट्यावर स्टीलची चकचकीत केटल, मागे मसाल्याचे डबे, आणि खाली प्रश्न: "दादा, हिचा खालचा स्टँड कुठे मिळेल? केटल गरमच होत नाहीये."

तो फोटो मी गूगल लेन्समध्ये टाकला. तशाच रूपाच्या पंधरा-वीस केटल समोर आल्या आणि त्यांवर दहा वेगवेगळी नावं होती. कारण साधं आहे. एकाच कारखान्यातून निघालेल्या मालावर अनेक कंपन्या आपापलं नाव छापून विकतात. शिवाय सारख्या दिसणाऱ्या दोन केटलच्या आतले भागही वेगळे असू शकतात. समोरून काढलेल्या फोटोवरून फार तर तशीच दुसरी केटल सापडेल, पण सुटा भाग सापडणं कठीण.

म्हणून तिला सांगितलं, प्लग काढ, केटल थंड होऊ दे, रिकामी कर आणि उलटी धर. बुडावर बहुतेक एक चंदेरी स्टिकर किंवा कोरलेली पट्टी असते. त्यावर मॉडेल नंबर, लिटर, व्होल्ट आणि वॉट असतात. अक्षरं पुसट असली तर फ्लॅश बंद ठेवायचा आणि टॉर्चचा उजेड बाजूने तिरका टाकायचा. मग कोरलेलं उठून दिसतं. व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर फाइल लहान होताना नेमके बारीक आकडेच फासटतात. स्टिकर गेलाच असेल तर ऑनलाइन खरेदीच्या जुन्या ऑर्डरमध्ये मॉडेल सापडतं. तिचा स्टिकर गेला होता आणि केटल लग्नातला आहेर होता.

उरला कपलर. केटलच्या बुडाशी मधोमध जो गोल काळा भाग असतो तो, आणि स्टँडवरचा त्याचा जोडीदार. केटल कशीही फिरवून ठेवली तरी वीज पोचते ती यांच्यामुळे. त्याचे संपर्क मोजायचे. साध्या केटलला तीन असतात: फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. तापमान आकड्यांत दाखवणाऱ्या केटलला बहुधा पाच, कारण सेन्सरला दोन जास्तीचे लागतात. तीनवालीला पाचवाला कपलर चालत नाही. मापासाठी शेजारी मोजपट्टी ठेवायची, तीही कपलरच्याच उंचीवर. मोबाइल दीड-दोन फुटांवर सरळ वर धरून झूम करायचं. अगदी जवळून काढलं की गोल वाकडा दिसतो आणि माप चुकतं.

या फोटोत तिचा बिघाडही दिसला. स्टँडच्या एका संपर्काभोवतीचं प्लॅस्टिक काळं पडून फुगलं होतं. 1500 वॉटची केटल साधारण साडेसहा अँपिअर ओढते. संपर्क सैल पडला की तिथेच ठिणग्या उडतात आणि प्लॅस्टिक भाजतं. तरी हीटर शाबूत आहे का ते आधी बघायला हवं होतं, कारण स्टीलच्या केटलमध्ये तो बुडालाच पक्का चिकटवलेला असतो आणि बदलणं परवडत नाही. गावातल्या इलेक्ट्रिशियनने बूड उघडून मीटर लावला तेव्हा 36 ओहम आले. 1500 वॉटला 35 च्या आसपास यायला हवेत, म्हणजे हीटर ठीक होता.

बूड उघडलंच होतं, म्हणून कपलरच्या आतल्या बाजूचाही फोटो मागवला. तिथे उठावाची अक्षरं असतात: बनवणाऱ्याचा कोड आणि पुढे 13A, T125 असं काही. T नंतरचा आकडा म्हणजे तो भाग भोवतालची किती अंश उष्णता सोसतो. माझ्या मते केटलवरच्या नावापेक्षा हा कोड जास्त कामाचा. लेन्सला पूर्ण केटल दाखवण्याऐवजी मी फक्त कपलर कापून दाखवला, कोड टाइप केला आणि वरचा-खालचा सेट सापडला. दोन्ही भाग एकदमच बदलायचे. जळका अर्धा तसाच ठेवला तर तो नव्यालाही जाळतो.

इस्त्रीचं काम त्या मानाने सोपं. तिच्या पट्टीवर आयएसआय चिन्ह असतं, त्यावर मानकाचा IS क्रमांक आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक. BIS Care ॲपमध्ये तो घातला की खरा उत्पादक कळतो. वेगळ्या नावांच्या दोन इस्त्र्यांवर एकच क्रमांक दिसला तर दोन्ही एकाच परवानाधारकाच्या. एकीचे भाग दुसरीला बसतीलच असं नाही, पण शोध तिथून सुरू करता येतो.

इंडक्शनला मात्र बाहेरचे फोटो फारसे पुरत नाहीत. मॉडेल तेच ठेवून आतला बोर्ड बदललेला असतो, म्हणून बोर्डवर छापलेल्या नंबरचाच फोटो लागतो. शेगडी उघडायचं काम जाणकारानेच करावं. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज काही वेळ टिकून असते.

साताऱ्याला सेट पोचला तेव्हा वरचा भाग बसला, पण स्टँडचं भोक दोन मिलिमीटरने लहान निघालं. मोजपट्टी ओट्यावर ठेवली होती, कपलरच्या उंचीवर नाही. इलेक्ट्रिशियनने कानशीने घासून ते बसवलं.