गाठीवरचं कापड कुणाच्या खर्चात?

गेवराईच्या कापूसपट्ट्यातली जिनिंग-प्रेसिंग म्हणजे प्रोसेस कॉस्टिंगचं जिवंत उदाहरण. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुई पुढे प्रेसिंगला जाते. तिथं रुई दाबली जाते आणि शेवटी गाठीवर कापड नि पट्ट्या चढतात.

समजा, प्रेसिंगकडे १०० गाठींची रुई आली, प्रत्येकी २७,००० रुपयांची. महिनाअखेर ९० गाठी तयार, १० अर्धवट. जिनिंगचा खर्च आधीच झालेला, म्हणून तो पूर्ण १०० वर. मजुरी-वीज १९,००० रुपये. अर्धवट गाठींचं काम निम्मं झालंय, म्हणून भागायचं ९५ ने, म्हणजे गाठीला २०० रुपये.

कापड-पट्ट्यांचे २२,५०० मात्र फक्त ९० वर, कारण अर्धवट गाठींना अजून कापड लागलेलंच नाही. गाठीला २५० रुपये. तयार गाठ २७,४५० ची, शिल्लक कामाची किंमत २,७१,०००.

बरेच जण इथं कापडही १०० ने भागतात. मग गाठ २५ रुपयांनी स्वस्त दिसते आणि न लागलेलं २,२५० रुपयांचं कापड शिल्लक कामात बसतं. बेरीज तरीही २७,४१,५०० च जुळते, म्हणून चूक ताळ्यात सापडत नाही. शिल्लक कामात कापडाचा आकडा दिसला, की समजायचं भागाकार चुकलाय.