पाल्हाळ, पाठांतर आणि मुलाखतकाराचा पुढचा प्रश्न

नोकरीच्या मुलाखतीत एका प्रश्नाला दोन-तीन मिनिटांचं उत्तर पुरतं. अर्ध्या तासातून सुरुवातीची ओळख आणि उमेदवाराच्या शंकांचा वेळ वजा केला, तर पाच-सहा प्रश्नच नीट विचारून होतात. एका उत्तराने आठ मिनिटं खाल्ली की शेवटचे प्रश्न उरकावे लागतात किंवा सोडावे लागतात. त्यात नुकसान उमेदवाराचंच होतं, कारण ज्या प्रश्नांवर त्याला बरे गुण मिळाले असते ते त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. पाठ केलेल्या उत्तराचं वेगळं असतं. ते वेळेत संपतं, पण त्यातून या माणसाने प्रत्यक्षात काय केलं हे कळत नाही आणि गुणपत्रिकेतला रकाना अंदाजाने भरावा लागतो. दोन्ही वेळी उमेदवाराला मध्येच थांबवून प्रश्नाकडे आणणं हे मुलाखतकाराचं काम आहे. संकोचाने गप्प राहणं सभ्यपणाचं वाटतं, पण त्याने उमेदवाराचं भलं होत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेच्या सूचनेतही मुलाखत ही काटेकोर उलटतपासणी नव्हे, तर स्वाभाविक पण दिशा आणि हेतू असलेला संवाद आहे, अशा अर्थाचं वर्णन असतं. ती दिशा सांभाळायची असते प्रश्न विचारणाऱ्याने.

उमेदवार भरकटतो त्याचं कारण पुष्कळदा प्रश्नातच सापडतं. ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाला शेवट नसतो. कुठे थांबायचं हे उमेदवाराला कळणार कसं? ‘तुमच्या कामातल्या अडचणी कोणत्या, त्या कशा सोडवल्या आणि त्यातून काय शिकलात?’ हे तर एका दमात विचारलेले तीन प्रश्न आहेत. याउलट घडून गेलेल्या एका प्रसंगाबद्दल विचारलं की उत्तराला आपोआप आकार येतो. मानसशास्त्रज्ञ टॉम जॅन्झ यांनी 1982 मध्ये अशा प्रसंगाधारित मुलाखतीची तुलना मोकळ्याढाकळ्या मुलाखतीशी केली होती. तेव्हापासून ही पद्धत नोकरभरतीत रुळत गेली. परिस्थिती काय होती, जबाबदारी कोणती होती, उमेदवाराने स्वतः काय केलं आणि त्याचं काय झालं, हे चार टप्पे तिच्यात शोधले जातात. मुलाखतकाराच्या डोक्यात हे टप्पे पक्के असले की उमेदवार कोणत्या टप्प्यावर अडकलाय हे ऐकता ऐकता समजतं.

थांबवण्याची परवानगी मात्र सुरुवातीलाच घेऊन ठेवावी. ‘आपल्याकडे अर्धा तास आहे. सगळे विषय व्हावेत म्हणून मी मध्ये मध्ये तुम्हाला थांबवेन. त्याचा अर्थ उत्तर चुकतंय असा घेऊ नका.’ एवढी तीन वाक्यं पुरतात. ही कल्पना न देता पंधराव्या मिनिटाला उमेदवाराला तोडलं, तर आपलं काहीतरी बिनसलं असं त्याला वाटतं. घाबरलेला माणूस मग एक तर गप्प होतो किंवा आणखी बोलत सुटतो.

पाल्हाळ आणि पाठांतर यांवरचा उपाय एक नाही, म्हणून आधी समोर काय आहे ते ओळखावं लागतं. पाल्हाळ लावणाऱ्याकडे खरा तपशील भरपूर असतो. त्याला गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगायची असते. तो मध्येच ‘नाही, ते आधी झालं’ म्हणत स्वतःला दुरुस्त करतो, माणसांची आणि यंत्रांची नावं घेतो. फक्त मुद्दा जवळ येत नाही. पाठ केलेलं उत्तर एका लयीत येतं. त्यात अडखळणं नसतं, पुस्तकी शब्द असतात, ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ असतं आणि जागा, वेळ, वस्तू यांतलं काहीच नसतं. सर्वांत बोलकी खूण म्हणजे मध्ये थांबवल्यावर उमेदवार त्या वाक्याच्या सुरुवातीला परत जातो. एका खुणेवरून मात्र निष्कर्ष काढू नये. काही माणसं मुळातच एका सुरात बोलतात, आणि परक्या भाषेत मुलाखत देणारा प्रत्येक वाक्य जपून, तयार करूनच आणतो.

पाल्हाळ थांबवण्याचं तंत्र एका उदाहरणातून चांगलं कळतं. चाकणच्या औद्योगिक परिसरातल्या एखाद्या वाहनभाग कारखान्यात गुणवत्ता निरीक्षकाच्या जागेसाठी मुलाखत चालू आहे, असं समजू. उमेदवार यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक, दोन वर्षांचा अनुभव असलेला. प्रश्न आहे : ‘तुम्ही तपासून पुढे पाठवलेला माल ग्राहकाकडून परत आला, असा एखादा प्रसंग सांगा.’ उमेदवार सुरुवात करतो कंपनीत किती सीएनसी यंत्रं होती इथपासून. मग पाळ्या, मग बदललेले सुपरवायझर, मग ऑर्डर वाढल्यामुळे आलेला ताण. दीड मिनिटाने ओझरता उल्लेख येतो की 25 मिलिमीटरचं बोअर लहान निघालं आणि ग्राहकाकडे पिन आत जाईना. पण तेवढ्यात गाडी पुन्हा सुपरवायझरकडे वळते.

इथे बोट ठेवायचं ते बोअरवर. वाक्य पुरं होऊ द्यावं. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ते कधी पुरं होतंय हे ऐकू येतं. पुढचं ‘आणि मग’ निघण्याआधी शिरायला जागा मात्र फार थोडी असते. दहा भाषांमधल्या संभाषणांच्या 2009 मधल्या एका अभ्यासात बोलणाऱ्यांची पाळी बदलताना मध्ये जाणारा अवधी साधारण सेकंदाचा पाचवा भाग इतकाच आढळला होता. म्हणून पुढचा प्रश्न आधीच तयार हवा. किंचित पुढे झुकणं किंवा हात थोडा वर करणं याने उमेदवाराला सूचना मिळते. मग शांत आवाजात : ‘इथे जरा थांबवतो. बोअर लहान निघालं म्हणालात, ते महत्त्वाचं आहे. तो माल तपासणीतून पुढे कसा गेला?’

या तीन वाक्यांत तीन कामं होतात. पहिल्याने बोलणं थांबतं. दुसऱ्याने उमेदवाराचेच शब्द उचलल्यामुळे आपलं ऐकलं जातंय हे त्याला कळतं. तिसरं दार अरुंद करतं. त्याला एकाच गोष्टीचं उत्तर द्यायचं आहे. ‘मुद्द्यावर या’ म्हटलं तर यातलं पहिलंच काम होतं, आणि तेही बोचतं. ‘ते ठीक आहे, पण…’ या सुरुवातीने आधीचं सगळं बोलणं वाया गेल्यासारखं वाटतं, म्हणून तीही टाळलेली बरी.

उमेदवार आता सांगतो की बोअरिंगचं इन्सर्ट झिजल्यामुळे भोक हळूहळू लहान होत गेलं होतं. तपासणी प्लग गेजने व्हायची, पण गेजची ‘गो’ बाजूही झिजून बारीक झाली होती, त्यामुळे ती लहान भोकातही शिरायची आणि माल पास व्हायचा. उत्तर एकदम जिवंत झालं. तरी तिसरा टप्पा बाकीच आहे. पुढचा प्रश्न : ‘हे कळल्यावर त्या दिवशी तुम्ही स्वतः काय केलंत?’ यातले ‘त्या दिवशी’ आणि ‘स्वतः’ हे दोन शब्द मोलाचे आहेत. तो म्हणतो की त्याने तयार माल लाल टॅग लावून बाजूला काढला, बोअर गेजने एकेक नग मोजला आणि गेजच्या कॅलिब्रेशनची तारीख पाहिली, तर ती उलटून गेलेली. शेवटी ‘त्यानंतर काय बदललं?’ एवढंच विचारायचं उरतं. तीन छोट्या प्रश्नांत प्रसंग पुरा झाला आणि गुण द्यायला आधार मिळाला.

आता पाठांतर. त्याच जागेसाठी दुसरा उमेदवार त्याच प्रश्नावर म्हणतो, ‘गुणवत्ता ही प्रत्येकाची जबाबदारी असते. आम्ही टीमवर्कने समस्येच्या मुळाशी गेलो आणि ग्राहकाचं समाधान केलं.’ त्याला ‘हे पाठ केलेलं दिसतंय’ असं सुनावणं निर्दयपणाचं आहे, शिवाय बहुधा निरुपयोगीही. घोकलेल्या वाक्यांमागे खरा प्रसंग असू शकतो. मार्गदर्शन वर्गात कुणीतरी त्याला आपला अनुभव असा पुसून गुळगुळीत करायला शिकवलेलं असतं. त्याला तिथून खाली, वस्तूंपर्यंत आणायचं. ‘यातली एकच तक्रार घेऊ. कोणता भाग होता? मापात काय चुकलं होतं?’ असले तपशील कुणी घोकत नाही. अनुभव खरा असेल तर ते आठवतात, मात्र आठवायला वेळ लागतो. म्हणून प्रश्नानंतरची चार-पाच सेकंदांची शांतता मुलाखतकाराने भरून काढू नये. याच क्षणी घाई करून बरेच जण पुढच्या प्रश्नाकडे जातात आणि चांगला उमेदवार हातचा जातो.

क्रम उलटवल्यानेही पाठांतर सुटतं : ‘शेवटी ग्राहकाने काय कळवलं, तिथून सुरू करा.’ आणखी एक उपाय भाषेचा आहे. ग्रामीण भागातून आलेली मुलं पुष्कळदा उत्तरं इंग्रजीत घोकतात, कारण तीच मुलाखतीची भाषा असं त्यांना सांगितलेलं असतं. कामाला अस्खलित इंग्रजीची गरज नसेल, तर ‘मराठीत सांगितलंत तरी चालेल’ हे वाक्य अडकलेला अनुभव मोकळा करतं. मात्र ही सवलत सगळ्यांना, आणि सुरुवातीलाच द्यायला हवी.

प्रश्न अरुंद करताना उत्तर आत सरकवून द्यायचा धोका असतो. ‘मग तुम्ही माल बाजूला काढला असेल ना?’ असं विचारलं तर हो म्हणण्यापलीकडे उमेदवाराला काही करायचं उरत नाही. ‘मग मालाचं काय केलंत?’ हा प्रश्न तेच विचारतो, पण उत्तर उघडं ठेवतो. किती वेळा मदत करायची यालाही मर्यादा हवी, नाहीतर आवडलेल्या उमेदवाराला पाच संधी आणि नावडत्याला एक असा पक्षपात नकळत होतो. एका प्रश्नाला दोन किंवा तीन उपप्रश्न, आणि तेवढेच प्रत्येकाला, हे आधी ठरवून घ्यावं. तेवढ्यानेही काही हाती आलं नाही, तर ‘ठीक, पुढच्या विषयाकडे जाऊ’ म्हणावं. चौथ्यांदा खोदलं की संवादाची उलटतपासणी होते.

मंडळात तीन-चार जण असतील तर ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यानेच उमेदवाराला वळवावं. इतरांनी आपले प्रश्न टिपून ठेवावेत. दोन बाजूंनी अडवलेला उमेदवार कुणाला उत्तर देऊ अशा पेचात पडतो. व्हिडिओवरच्या मुलाखतीत आवाज उशिरा पोहोचतो आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात, तेव्हा आधी हात वर करून मग बोलणं बरं. उमेदवार अडखळत बोलत असेल, तर त्याचा अडखळलेला शब्द पुरा करू नये. तो पाल्हाळ नव्हे. त्याला थोडा जास्त वेळ द्यावा.

टिपण करताना उमेदवाराने आपणहून काय सांगितलं आणि उपप्रश्नानंतर काय सांगितलं, हे वेगळं लिहावं. दुसऱ्या उमेदवाराकडून शेवटपर्यंत प्रसंग आला नाही, तर नोंद ‘ठोस उदाहरण दिलं नाही’ अशी असावी. ‘घोकून आला होता’ हा तर्क आहे. पहिल्याने पाल्हाळ लावलं होतं, पण झिजलेलं गेज ओळखलं आणि माल अडवला. निरीक्षकाच्या जागेचे गुण त्याला त्यासाठी मिळायला हवेत. थोडक्यात बोलता येणं ही कामाची गरज म्हणून जाहिरातीत किंवा मोजपट्टीत लिहिलेली असेल, तरच लांबलेल्या बोलण्याचे गुण कापावेत, आणि तेही त्याच रकान्यात.